बुकिंगची पावती हातात आहे, गाडी मात्र अजून नाही

प्रश्न : दसऱ्याच्या दिवशी सांगलीतल्या शोरूममध्ये २१,००० रुपये भरून सीएनजी गाडीचे मधले व्हेरियंट, पांढरा रंग, असे बुकिंग केले. फॉर्मवर ‘अंदाजे दहा ते बारा आठवडे’ असे लिहिले आहे आणि सेल्समनने व्हॉट्सॲपवर ‘डिसेंबरअखेर नक्की’ असे कळवले होते. आता पाडवा तोंडावर आला तरी गाडी नाही. जानेवारीत किंमत १८,००० रुपयांनी वाढली, ती मलाच द्यावी लागेल असे म्हणतात. चंदेरी रंगाची गाडी लगेच देऊ, पण ३८,००० रुपयांच्या ॲक्सेसरीज घ्याव्या लागतील, असेही सांगतात. बुकिंग रद्द केले तर ५,००० रुपये कापून बाकीचे दीड महिन्याने मिळतील. कोल्हापूरचा एक डीलर दोन आठवड्यांत गाडी देतो म्हणतो. मी काय करावे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : कोणताही निर्णय घेण्याआधी तुम्ही एक गोष्ट तपासावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्या बुकिंगची नोंद गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकप्रणालीत झाली आहे का, आणि झाली असेल तर ती कोणत्या तारखेला झाली, हे शोरूमकडून लेखी मागून घ्यावे. पैसे भरल्यावर शोरूम जी पावती देते ती शोरूमची असते. तिच्यावरचा क्रमांक हा त्यांच्या हिशेबाचा क्रमांक असतो. रांगेतली तुमची जागा ठरते ती कंपनीच्या प्रणालीत तुमच्या नावाने जो ऑर्डर क्रमांक तयार होतो त्यावरून, आणि तो तयार झाल्यावर बहुतेक कंपन्या ग्राहकाच्या मोबाइलवर संदेश पाठवतात. दसऱ्यासारख्या मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये झुंबड असते, पावत्या भराभर फाडल्या जातात आणि नोंदी मात्र सावकाश होतात. व्हेरियंट किंवा रंग पक्का व्हायचा आहे, पॅन कार्डाची प्रत यायची आहे, अशा कारणांनी नोंद अनेकदा आठवडेच्या आठवडे लांबते. तुमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराचा असा संदेश नसेल, तर तुम्ही मोजत असलेले आठवडे आणि कंपनी मोजत असलेले आठवडे वेगळे असण्याची शक्यता मोठी आहे. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर आपला मोबाइल क्रमांक सांगून ही तारीख विचारता येते. शोरूमचे उत्तर आणि कंपनीचे उत्तर जुळते का, हेही तिथेच कळते.

याच ठिकाणी तासगाव, विटा, जत अशा तालुक्याच्या गावांतील वाचकांसाठी थोडे थांबून सांगतो. गावातल्या मल्टी-ब्रँड दुकानात किंवा एजंटाकडे पैसे भरले असतील, तर ती पावती अधिकृत डीलरची नसते आणि रांगेत तुमचे नाव असेलच असे नाही. सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआय क्रमांकावर रक्कम पाठवली असेल, तर धोका त्याहून मोठा आहे. पैसे नेहमी शोरूमच्या फर्मच्या खात्यावर जावेत आणि पावतीवर फर्मचे नाव, जीएसटी क्रमांक व पावती क्रमांक असावा. तुम्ही शोरूममध्येच पैसे भरले असल्याने हा धोका बहुधा नाही, तरी रक्कम कोणाच्या नावावर जमा झाली हे आपल्या बँकेच्या उताऱ्यात एकदा पाहून घ्यावे.

आता रांग कशी चालते ते समजून घेऊ, कारण ‘पाच महिने झाले तरी गाडी नाही, आणि दुसऱ्या रंगाची मात्र लगेच आहे’ ही गोष्ट वरवर संशयास्पद वाटली तरी ती नेहमीच लबाडी नसते. एका मॉडेलची एक रांग कधीच नसते. इंधन, व्हेरियंट आणि रंग यांच्या प्रत्येक जोडीची वेगळी रांग असते. पेट्रोलच्या वरच्या व्हेरियंटला तीन आठवडे लागत असताना त्याच मॉडेलच्या सीएनजीच्या मधल्या व्हेरियंटला सहा महिने लागू शकतात, कारण सगळ्यांनाच तेच हवे असते. पांढऱ्या रंगाला आपल्याकडे मागणी जास्त असल्याने तिथे रांग आणखी लांबते. कंपनी दर महिन्याला प्रत्येक डीलरला ठरावीक गाड्या देते, डीलर मागेल तितक्या देत नाही. आलेल्या गाड्या डीलरने बुकिंगच्या क्रमाने ग्राहकांना द्यायच्या असतात. तुमच्या पुढच्या एखाद्याने बुकिंग रद्द केले, किंवा कर्ज मंजूर न झाल्याने गाडी उचलली नाही, तर ती गाडी शोरूममध्ये उभी राहते आणि मग ‘लगेच उपलब्ध’ म्हणून इतरांना दाखवली जाते. तुम्हाला दाखवलेली चंदेरी गाडी बहुधा अशाच प्रकारची असावी.

मुदतीच्या प्रश्नावर कायदा काय म्हणतो ते नेमकेपणाने सांगणे आवश्यक आहे, कारण या विषयावर अपुरी माहिती देऊन लोकांना भांडायला पाठवले जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधील कलम २(४१) मध्ये निर्बंधात्मक व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. तिच्यात दोन गोष्टी नावानिशी आहेत. पहिली अशी, की व्यापाऱ्याने मान्य केलेल्या मुदतीपलीकडे माल देण्यास उशीर केला आणि त्यामुळे किंमत वाढली किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली. दुसरी अशी, की एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घातली. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी आहेत. पण पहिल्या बाबतीत सगळा भर ‘मान्य केलेली मुदत’ या शब्दांवर आहे. तुमच्या फॉर्मवर ‘अंदाजे’ असे लिहिले असल्याने, आणि फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘उत्पादन व पुरवठ्यातील विलंबास डीलर जबाबदार नाही’ असे वाक्य छापलेले असण्याची दाट शक्यता असल्याने, नुसत्या फॉर्मच्या आधारावर तुमची बाजू दुबळी ठरते. तिला बळ देणारा कागद म्हणजे ‘डिसेंबरअखेर नक्की’ हा व्हॉट्सॲपवरचा संदेश. तो शोरूमच्या कर्मचाऱ्याने, शोरूमच्या कामासाठी, तारखेसह पाठवलेला आहे. म्हणून तो फोनमध्ये जपून ठेवावा, त्या संवादाचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि पुढे शोरूमशी होणारे प्रत्येक बोलणे ईमेलवर किंवा निदान संदेशात आणावे. तोंडी बोलणे झाल्यावर ‘आज आपण असे सांगितले’ एवढे एक वाक्य पाठवून ठेवले तरी पुरते.

किमतीचा मुद्दा याला जोडूनच आहे. जवळजवळ प्रत्येक बुकिंग फॉर्मवर असे लिहिलेले असते की बिल ज्या दिवशी होईल त्या दिवशीची किंमत लागू राहील. ही अट दोन्ही बाजूंनी चालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आधी बुकिंग करून थांबलेल्या आणि त्यानंतर बिल झालेल्या ग्राहकांना नवा कमी दर मिळाला. तीच अट जानेवारीतील वाढ तुमच्यावर टाकते. कंपन्या वर्षाच्या सुरुवातीला किमती वाढवतात हे डीलरला ठाऊक असते, आणि डिसेंबरअखेर मिळायची गाडी जानेवारीत ढकलली गेली की ती वाढ ग्राहकाच्या माथी येते. तुमच्या १८,००० रुपयांबाबत माझे मत असे आहे की संदेशातली तारीख डिसेंबरअखेरची आणि वाढ त्यानंतरची असल्याने तुम्ही ती वाढ सोडून देण्याची लेखी मागणी अवश्य करावी. कंपनीने वाढवलेली किंमत डीलर स्वतःहून कमी करू शकत नाही, असे उत्तर येईल. ते अंशतः खरे असले तरी डीलरच्या हातात स्वतःच्या नफ्यातून द्यायची सूट असते, आणि लेखी मागणीनंतर ती वाढीच्या काही भागाइतकी मिळणे अशक्य नाही. पूर्ण १८,००० मिळतील अशी आशा मात्र मी दाखवणार नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी, की एक्स-शोरूम किंमत वाढली की तिच्यावर आकारला जाणारा रस्ता कर आणि विम्याचा हप्ताही वाढतो. म्हणून वाढीचा हिशेब ऑन-रोड किमतीवर मागावा.

चंदेरी गाडीच्या प्रस्तावाकडे आता काळजीपूर्वक पाहू. ॲक्सेसरीजची अट वर सांगितलेल्या कलमाच्या दुसऱ्या भागात सरळ बसते, आणि शोरूमला हे माहीत असते. म्हणूनच ही अट कोणी लेखी देत नाही. तुम्ही नम्रपणे एवढेच लिहून विचारावे की ही गाडी ॲक्सेसरीजशिवाय मिळेल का, आणि मिळणार नसेल तर तसे लेखी कळवावे. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी हा प्रश्न लेखी गेल्यावर ३८,००० रुपयांचे पॅकेज गळून पडते किंवा पायाखालची मॅट आणि मडफ्लॅप एवढ्यावर येते. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्तीही अशीच असते. विमा कोणत्याही कंपनीचा घेण्याचा अधिकार तुमचा आहे, फक्त बिलाच्या वेळी तो तयार असावा लागतो.

परंतु ॲक्सेसरीज वगळल्या तरी ती गाडी लगेच घ्यावी असे मी म्हणणार नाही. आधी तिचा चासी क्रमांक मागावा आणि ती कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली हे विचारावे. चासी क्रमांकात ही माहिती सांकेतिक अक्षरांत दडलेली असते, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असल्याने तिचा अर्थ शोरूमकडून किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेकडून लेखी घ्यावा. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापून येतो आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक तेच पाहते. गाडी गेल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरची असेल, तर आज मार्चमध्ये तिची नोंदणी झाली तरी ती मागच्या वर्षाचीच गाडी राहते. अशा गाडीवर शोरूमने तुमच्याकडून जास्तीचे पैसे घेण्याऐवजी तुम्हाला सूट द्यायला हवी, कारण जुन्या वर्षाचा माल संपवण्याची गरज त्यांनाच असते. आणि समजा चंदेरी रंग तुम्हाला चालतो, गाडी याच वर्षीची आहे आणि ॲक्सेसरीजची अट निघाली, तर पांढऱ्यासाठी आणखी किती थांबायचे याचे लेखी उत्तर मिळत नसताना ती घेणे शहाणपणाचे ठरेल. रंग बदलताना मात्र एक प्रश्न लेखी विचारावा : रंग बदलल्यावर माझी बुकिंगची तारीख तीच राहते की आजची होते? काही ठिकाणी बदल केला की ग्राहक रांगेच्या शेवटी जातो. तुमचा बदल उभ्या असलेल्या गाडीसाठी असला, तरी ती गाडी ऐन वेळी दुसऱ्याला गेली तर तुम्ही पांढऱ्याच्या रांगेतून बाहेर पडलेले असाल.

आता रद्द करण्याच्या अटीविषयी. बुकिंग रद्द करण्याचे परिणाम टप्प्यानुसार बदलतात, आणि फॉर्म वाचताना हे टप्पेच शोधायचे असतात. गाडी तुमच्या नावाने वाटप होण्याआधी, म्हणजे चासी क्रमांक तुमच्या ऑर्डरला जोडला जाण्याआधी, बुकिंग रद्द केले तर अनेक कंपन्यांच्या अटींनुसार पूर्ण रक्कम परत मिळते किंवा ठरावीक छोटी रक्कम कापली जाते. वाटप झाल्यानंतर रद्द केले तर कपात वाढते, आणि ते योग्यही आहे, कारण तुमच्यासाठी आणलेल्या गाडीत डीलरचे पैसे अडकतात व त्यावर त्याला व्याज भरावे लागते. बिल होऊन आरटीओत नोंदणी झाल्यानंतर मात्र रद्द करण्याची गोष्टच उरत नाही. त्यानंतर ती गाडी कोणालाही विकली तरी दुसऱ्या मालकाची ठरते आणि तिची किंमत त्याच दिवशी घसरते.

तुम्ही पहिल्या टप्प्यावर आहात. म्हणून ५,००० रुपयांच्या कपातीला हरकत घेण्यास तुमच्याकडे चांगला आधार आहे. भारतीय करार कायदा १८७२ मधील कलम ७४ असे सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळू शकते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. ज्या गाडीसाठी लोक पाच-सहा महिने रांगेत थांबतात, त्या रांगेतून वाटपापूर्वीच एक जण बाहेर पडला तर डीलरचे नेमके कोणते नुकसान होते? पुढची गाडी त्याच्या मागच्या ग्राहकाला जाते आणि एकही दिवस उभी राहत नाही. हाच प्रश्न तुमच्या अर्जात विचारावा. त्यातही मुदत त्यांनी सांगितलेली आणि त्यांच्याकडूनच उलटलेली असताना तुम्ही रद्द करत आहात. मन बदलले म्हणून रद्द करणाऱ्याची गोष्ट वेगळी असते, आणि हा फरक अर्जाच्या पहिल्याच वाक्यात यावा. फॉर्मवर कपातीची रक्कम मुळातच छापलेली नसेल आणि ५,००० हा आकडा आत्ता तोंडी सांगितला जात असेल, तर तो मान्य करण्याचे काहीच कारण नाही.

कोल्हापूरच्या डीलरबाबत घाई करू नये. सांगलीत जिला पाच महिने पुरले नाहीत ती गाडी तिथे दोन आठवड्यांत मिळणे शक्य आहे. त्याच्याकडे एखादे बुकिंग रद्द झाले असेल, किंवा त्याला कंपनीकडून मिळणाऱ्या गाड्या अधिक असतील. पण हेच आश्वासन नवे बुकिंग मिळवण्यासाठीही दिले जाते, आणि पैसे भरले की दोन आठवड्यांचे दोन महिने होतात. त्याला एकच विचारावे : गाडी आलेली असेल किंवा कारखान्यातून निघालेली असेल तर चासी क्रमांक सांगा. चासी क्रमांक मिळाला, व्हेरियंट, रंग आणि उत्पादनाचा महिना जुळला, आणि ती गाडी तुमच्या नावाने वाटप झाल्याचे ईमेलवर आले, तरच तिथे रक्कम भरावी. चासी क्रमांक देता येत नसेल तर तिथेही तुम्ही रांगेतच उभे राहणार आहात, फक्त शेवटी. सांगलीचे बुकिंग त्याआधी रद्द करू नये, कारण एकदा सोडलेली दसऱ्याची तारीख परत मिळत नाही. मात्र एकाच मोबाइल क्रमांकावर त्याच मॉडेलचे दुसरे बुकिंग झाले तर प्रणाली त्याला हरकत घेऊ शकते, म्हणून पहिले बुकिंग चालू असल्याचे कोल्हापूरला आधीच सांगावे. गाडी कोल्हापुरातून घेतली म्हणून एमएच-०९ घ्यावा लागतो असे नाही. तुमच्या सांगली जिल्ह्यातील पत्त्यावर एमएच-१० वर नोंदणी करून द्या, असे सांगता येते.

कर्जाविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण ते घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. बँकेच्या मंजुरीपत्राला मुदत असते, दसऱ्याला मिळालेले पत्र आज संपलेले असू शकते आणि व्याजदरही बदललेला असू शकतो. तसेच चासी क्रमांक तुमच्या नावावर आल्याखेरीज बँकेकडून शोरूमला रक्कम जाऊ देऊ नये. नाहीतर गाडी रांगेत आणि हप्ता मात्र सुरू, अशी अवस्था होते.

माझा सल्ला क्रमाने असा, की या आठवड्यात सांगलीच्या शोरूमच्या व्यवस्थापकाला एक ईमेल पाठवावा आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला द्यावी. त्यात ऑर्डर क्रमांक व नोंदीची तारीख, पांढऱ्या गाडीची अपेक्षित तारीख, डिसेंबरच्या संदेशाचा उल्लेख करून वाढीव किमतीची सूट, आणि चंदेरी गाडीचा चासी क्रमांक व ॲक्सेसरीजशिवायची ऑन-रोड किंमत, एवढेच मागावे. उत्तरासाठी सात दिवस द्यावेत. तोवर कोल्हापूरकडून चासी क्रमांक येतो का ते पाहावे. उत्तर समाधानकारक नसेल आणि कोल्हापूरची गाडी पक्की असेल, तर सांगलीचे बुकिंग लेखी अर्जाने रद्द करावे. अर्जासोबत पावतीची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडावा, मूळ पावती दिलीच तर तिचा फोटो आधी काढून ठेवावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे फॉर्मवर छापलेले असेल तर तीच मुदत धरावी. छापलेले नसेल तर दीड महिना मान्य न करता १५ दिवसांत पूर्ण २१,००० रुपये खात्यावर जमा करावेत, असे अर्जात लिहावे.

त्यानंतरही पैसे अडले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथून तक्रार कंपनीकडे पाठवली जाते, आणि कंपनीकडून विचारणा झाली की अशा रकमा बऱ्याचदा खटल्याविना सुटतात. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे उद्या वाद कोल्हापूरच्या डीलरशी झाला तरी तुम्हाला सांगलीतच दाद मागता येईल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या करता येतो, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो. ५,००० रुपयांसाठी आयोगात जावे का, हे तुम्ही तुमच्या वेळेचा विचार करून ठरवावे. पूर्ण २१,००० अडकून पडले तर मात्र जावेच, असे मी सांगेन.